एपिसोड ३१ : डेटा उडालाय! फुकटचं सॉफ्टवेअर लावू की लॅबला देऊ?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारला जातो. "दादा, हार्ड डिस्क दिसत नाहीये, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" आणि मी दर वेळी उलटा प्रश्न विचारतो : "डिस्कला काय झालंय?" लोकांना राग येतो. त्यांना नाव हवं असतं आणि मी डॉक्टरसारखा चौकशी करत बसतो. पण खरं सांगू, सॉफ्टवेअर की लॅब हा प्रश्न पैशापासून सुरूच होत नाही. तो सुरू होतो इथून : डेटा हरवलाय, की डेटा ठेवायचं यंत्रच मोडलंय? दोन्ही वेळा आपल्याला फाइल दिसत नाही, म्हणून दोन्ही सारखंच वाटतं.

आधी सोपं प्रकरण सांगतो, म्हणजे फरक कळेल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या एकाने कॅमेऱ्यात ३२ जीबीचं कार्ड घातलं, 'फॉरमॅट करू का' विचारल्यावर हो म्हणाला, आणि मग लक्षात आलं की हे कार्ड रिकामं नव्हतं. हरिश्चंद्रगडाचे दोन दिवसांचे फोटो त्यावर होते. त्याने एक गोष्ट बरोबर केली : त्यानंतर एकही फोटो काढला नाही. कार्ड काढून खिशात ठेवलं.

साधा फॉरमॅट झाला की बहुतेक वेळा नक्की काय होतं? सातबारा डोळ्यांसमोर आणा. उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातला ऊस उपटला जात नाही. ऊस तिथेच उभा असतो, फक्त तो कोणाचा आणि कुठून कुठपर्यंत हे कागदावर राहत नाही. कार्डाचंही तसंच. फोटो जागेवर असतात, त्यांची यादी गेलेली असते. पण तुम्ही नवा फोटो काढलात की कॅमेरा म्हणतो, ही जमीन मोकळी आहे, आणि नांगर घालतो. नांगरलेला तुकडा गेला तो गेला. तो सॉफ्टवेअरला मिळत नाही आणि लॅबलाही मिळत नाही.

या कार्डावर आम्ही फोटोरेक चालवलं. सर्च करताना `PhotoRec` असं टाइप करा. पूर्ण मोफत आहे, ओपन सोर्स आहे, 'पाचशे एमबीनंतर पैसे भरा' असला प्रकार नाही. दिसायला मात्र अगदी जुनाट, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. ते खोडलेली यादी शोधायच्या फंदात पडत नाही. कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलची ओळखीची खूण शोधतं. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात ठरलेल्या तीन बाइट्सनी होते, `FF D8 FF`. ही खूण दिसली की इथून फोटो सुरू, असं धरून तो उचलायचा.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. कार्ड कार्ड-रीडरमध्ये लावायचं आणि सापडलेले फोटो लॅपटॉपवर साठवायचे, त्याच कार्डावर नाही. नाहीतर आपणच नांगर घालतोय. आमचं काम जेवण होईपर्यंत संपलं. `recup_dir.1`, `recup_dir.2` असे फोल्डर तयार झाले आणि आत `f0184320.jpg` असल्या नावांचे फोटो. मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, कारण ती यादीतच होती. फोटो जवळपास सगळे आले. व्हिडिओ मात्र निम्म्याहून जास्त चालेनात. मोठी फाइल कार्डावर बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांत पसरलेली असते, आणि सुरुवातीची खूण सापडली तरी पुढचा तुकडा कुठे आहे हे यादीशिवाय या पद्धतीला कळत नाही.

खर्च शून्य. धोका जवळपास शून्य, कारण कार्ड ठणठणीत होतं. ते कितीही वेळा वाचलं तरी काही बिघडणार नव्हतं. आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य धरून ठेवायचं असेल तर हे धरा : फुकटचं सॉफ्टवेअर तेव्हाच फुकट असतं, जेव्हा यंत्राला वाचून घेणं परवडतं.

आता दुसरं प्रकरण. हे घरातलं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

माझे मामा साताऱ्याजवळच्या गावी भजनी मंडळात गायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. मामेबहीण कॉलेजात असताना एकादशीच्या भजनांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करायची आणि एका १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकून ठेवायची. यंदा गणपतीत घर आवरताना ती डिस्क टीव्हीच्या स्टँडवरून खाली पडली. चालू असताना. खरी गोम या दोन शब्दांत आहे.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकती असते. पोर्टेबल डिस्कमध्ये ती साधारण मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावरून वाचणारं हेड तरंगत असतं, आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस या अंतरापेक्षा हजारो पट जाड असतो. डिस्क बंद असताना हेड बाजूला पार्क झालेलं असतं, त्यामुळे पडली तरी वाचण्याची शक्यता बरी असते. चालू असताना पडली तर हेड चकतीवर आपटतं.

बहिणीने लावून पाहिलं. डिस्क दिसली, पण फोल्डर उघडेना, आणि आतून 'टक्... टक्... टक्' असा ठरावीक तालात आवाज यायला लागला. विंडोजने विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? तिने 'कॅन्सल' केलं, शाबास. मग व्हिडिओ बघून एक रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, स्कॅन लावला आणि झोपली. सकाळी चौदा तास झाले होते आणि पट्टी तीन टक्क्यांवर होती. तेव्हा मला फोन आला. "दादा, अजून किती वेळ चालू ठेवू?"

मी म्हटलं, आधी केबल काढ.

तो टक्-टक् आवाज कशाचा? हेडला चकतीवर आपली जागा सापडत नाही. ते परत मागे जातं, परत प्रयत्न करतं. सॉफ्टवेअरला हे काहीच दिसत नाही. ते वरून एवढंच म्हणतं, अमुक जागेवरचा डेटा दे. डिस्क स्वतःच्या हिशोबाने तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, नाहीच जमलं तर एरर देते, आणि सॉफ्टवेअर पुढची जागा मागतं. तीन टक्क्यांसाठी चौदा तास लागले याचा अर्थ हे हजारो वेळा झालं. वाकलेलं हेड तेवढ्या वेळा चकतीवरून फिरलं. चकतीवरच्या चुंबकीय थरातच डेटा असतो. त्यावर चरा पडला की डेटा 'हरवत' नाही, त्याची भुकटी होते.

म्हणून निदान आधी. पडलेली डिस्क, नेहमीपेक्षा वेगळा आवाज, 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये साइज चुकीची किंवा शून्य दिसणं, लावल्यावर आख्खा कॉम्प्युटर अडकणं : यातलं एक जरी असेल तर सॉफ्टवेअरचा विषय संपला. आणि विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' म्हणालं तरी हो म्हणू नका. ते तुमच्या फाइल वाचवायला आलेलं नसतं. ते डिस्कवरची यादी नीट करायला येतं आणि त्या नादात डिस्कवर लिहितं.

मधलं एक प्रकरण असतं, तेही सांगून टाकतो. आवाज नाही, पडलेली नाही, साइज बरोबर दिसते, पण कॉपी करताना ठरावीक फाइलवर अडकते. अशा वेळी `CrystalDiskInfo` हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि `C5` ही ओळ बघा. डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांची संख्या तिथे असते. बहुतेक डिस्कवर ती सोळाच्या हिशोबात दिसते, पण शून्य आहे की नाही एवढं तरी कळतं. शून्य नसेल तर डिस्क थकायला लागलीय. तिच्यावर थेट रिकव्हरी स्कॅन लावायचा नाही. आधी तिची एकदाच पूर्ण नक्कल काढायची आणि नंतर जे काही करायचं ते नकलेवर. त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आहे, तेही फुकट. ऐकताना कमांड कळत नाहीत, म्हणून इथे देतो :

```
sudo ddrescue -d -n /dev/sdX disk.img disk.map
sudo ddrescue -d -r3 /dev/sdX disk.img disk.map
```

`sdX`च्या जागी तुमच्या डिस्कचं नाव येतं, ते आधी `lsblk`ने दोनदा तपासा. `disk.img` दुसऱ्या, पुरेशी जागा असलेल्या डिस्कवर बनवायची. पहिली कमांड सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि खराब जागांशी झटापट न करता पुढे जाते. दुसरी त्या राहिलेल्या जागांवर परत येते. म्हणजे डिस्कने मध्येच मान टाकली तरी चांगला भाग आपल्या हातात आलेला असतो. नंतर फोटोरेक त्या `disk.img`वर हवं तितक्या वेळा चालवा. पण हे सगळं करताना वेग पडत गेला किंवा आवाज सुरू झाला तर थांबायचं. आणि जो डेटा गमावणं अजिबात चालणार नाही, त्यासाठी मी हा प्रयोगही घरी करणार नाही.

परत मामांच्या डिस्ककडे. सॉफ्टवेअर बाद. आता उरले दोन पर्याय : लॅब, किंवा सोडून देणं. पैशाचा प्रश्न इथे येतो.

पुण्यातल्या एका लॅबला डिस्क दाखवली. त्यांनी तपासून सांगितलं, हेड गेलंय, उघडावी लागेल. खर्च २६,००० रुपये. त्यातले ६,००० सुट्या भागांचे, डेटा आला नाही तरी परत मिळणार नाहीत. बाकीचे २०,००० डेटा मिळाला तरच, आणि तेही मिळालेल्या फाइलची यादी बघून.

बहिणीचा पगार महिन्याला बावीस हजार. मामी म्हणाल्या, "अरे, माणूस गेलं. आता आवाजासाठी एवढे पैसे घालायचे?" बहीण काहीच बोलली नाही. तिच्या मनात ती चौदा तासांची रात्र होती, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, आधी डिस्कवर काय होतं ते कागदावर लिहू. आठवून आठवून लिहिलं. चारेकशे जीबी सिनेमे आणि सिरीज. किंमत शून्य, ओळ खोडली. कॉलेजची प्रोजेक्ट्स, त्यातली कामाची मेलमध्ये सापडली. खोडली. अडीचशे जीबी फोटो, त्यातले बरेच गुगल फोटोजवर होते आणि लग्नाचे फोटोग्राफरकडे. जवळपास खोडली. खाली उरली एक ओळ : भजनं, ४३ फाइल, मिळून पाच जीबीसुद्धा नाहीत.

मग तिने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. पखवाज वाजवणाऱ्या काकांच्या जुन्या फोनवर नऊ रेकॉर्डिंग निघाली, तिनेच कधीतरी पाठवलेली. म्हणजे जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या फाइल ३४. लॅबला पैसे द्यायचे ते १ टीबीसाठी नाही, या चौतीस फाइलींसाठी. आता प्रश्न सरळ झाला. मामी बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "दे. पण सहा हजार बुडाले तर पुढे नाद करायचा नाही." हाच हिशोब उलटाही निघू शकला असता. यादी खोडता खोडता कागद रिकामा झाला असता तर मीच म्हटलं असतं, डिस्क भंगारात टाक.

ही यादी लॅबलाही उपयोगी पडली. खराब डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. त्यामुळे त्यांना 'सगळं काढा' म्हणण्यापेक्षा 'हा फोल्डर आधी' हे सांगणं फार मोलाचं असतं.

लॅबमध्ये काय करतात? डिस्क धूळ गाळलेल्या हवेच्या चेंबरमध्ये उघडतात. हेड आणि चकतीत काही नॅनोमीटरचं अंतर असेल तर धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आलेला डोंगर. (यूट्यूबवर डायनिंग टेबलवर डिस्क उघडणारे आहेत. त्यांची डिस्क रिकामी असते.) मग अगदी त्याच जातीची चालू डिस्क शोधून तिचे हेड काढून यात बसवतात. सहा हजार त्या दुसऱ्या डिस्कचे होते, ती त्यात खर्चीच पडते. नवे हेडही कायमचे नसतात, खरवडलेल्या चकतीवर ते पुन्हा खराब होऊ शकतात. म्हणून लॅबची मशीन डिस्कला थेट सूचना देते : अडलं तर हट्ट करू नकोस, सोड आणि पुढे जा. आधी डिस्कची यादी वाचायची, त्यावरून हवा तो फोल्डर कुठे आहे ते काढायचं, आणि तेवढाच भाग पहिल्यांदा उचलायचा. घरच्या सॉफ्टवेअरचं वागणं याच्या बरोबर उलट.

लॅब निवडताना तीन गोष्टी लेखी घ्या : तपासणीची फी किती, डेटा न मिळाल्यास किती कापणार, आणि पैसे भरण्याआधी फाइलची यादी दाखवणार का. तपासणीआधीच फोनवर 'शंभर टक्के मिळेल' म्हणणाऱ्याकडे मी जात नाही. आणि तुम्ही घरी काय काय केलंत ते लपवू नका. बहिणीने चौदा तासांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हेड बसवण्याआधी चकती अधिक नीट तपासली.

तुमच्यातले बरेचजण हा एपिसोड फोनवर ऐकताय आणि म्हणताय, माझ्याकडे हार्ड डिस्क नाहीच, माझे फोटो फोनच्या मेमरीतून डिलीट झालेत. तिथे वरचा सातबारा लागू होत नाही. आताच्या फोनमध्ये आतली मेमरी एन्क्रिप्टेड असते, आणि डिलीट केलेली जागा फोन स्वतःच मागाहून साफ करतो. ऊस पण गेला आणि कागद पण. 'डिलीटेड फोटो रिकव्हरी' म्हणवणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा उरलेली छोटी थंबनेल दाखवतात आणि पैसे मागतात. त्याऐवजी गुगल फोटोजमधलं ट्रॅश बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस. ते उलटले असतील तर लॅबला पैसे देऊनही बहुधा काही हाती लागणार नाही. लॅबचा उपयोग तेव्हा, जेव्हा फोटो डिलीट झालेले नाहीत पण फोनच मेलाय, पाण्यात पडलाय. तेव्हा ते बोर्ड दुरुस्त करून फोन निदान एकदा चालू होईल एवढं बघतात, कारण कुलपाची किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये असते. आणि स्क्रीनचा पिन तुम्हाला आठवत असावा लागतो.

मामांच्या डिस्कला जुळणारी दुसरी डिस्क मिळायला बारा दिवस गेले. मग यादी आली. ४३ पैकी ३६ फाइल पूर्ण, चार मध्ये मध्ये तुटलेल्या, तीन गेल्या. गेलेल्या तीनपैकी एक पखवाजवाल्या काकांकडे होती. चकतीवर एक बारीक गोल चरा होता आणि त्याखालचं काही वाचता आलं नाही. बहिणीने विचारलं, हा चरा पडल्यामुळे आला की माझ्या स्कॅनमुळे? त्यांनी सांगितलं की आता ते ओळखता येत नाही. उरलेले वीस हजार तिने दोन महिन्यांत दिले, थोडे मीही घातले.

तुटलेल्या चारपैकी एका रेकॉर्डिंगमध्ये मामांचा आवाज मध्येच थांबतो, अकरा सेकंद काहीच नाही, आणि मग टाळ परत सुरू होतात. मामींना ती ओळ पाठ आहे. त्या तेवढ्यापुरती स्वतः म्हणतात.